सुखनिद्रा पट्टा

तेजराम टेंभरे हा खाणीचा टाइमकीपर होता, आणि युनियनचा सेक्रेटरीही. पहिल्या कामात त्याला मजुरांची हजेरी लिहावी लागे, दुसऱ्या कामात मजुरांच्या वतीने बोलावं लागे. दुसरं काम त्याला जास्त आवडायचं, कारण त्यात समोरच्याचं ऐकावं लागत नसे.

खाण लहान होती. भरवेलीच्या मोठ्या खाणीपुढे तिला कोणी विचारत नसे. बालाघाटहून सायकलने तासाभरात पोचावं, एवढ्या अंतरावर ती होती. मँगनीज निघायचं, दोनअडीचशे माणसं होती, तीन पाळ्या होत्या, आणि दोन ओळींत बांधलेल्या क्वार्टरी होत्या. १९७१ साली त्या क्वार्टरींत वीसेक ट्रान्झिस्टर असतील. ज्याच्याकडे ट्रान्झिस्टर, तो चालताना जरा हळू चालायचा, म्हणजे लोकांना बघायला वेळ मिळे.

तेजरामकडे दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता. त्याची पाळी रात्रीची. सकाळी घरी यायचं, जेवायचं आणि झोपायचं. पण झोप लागत नसे. त्याची बायको पुष्पलता समोरच्या खोलीत शिवणाची मशीन चालवायची. शेजारी कोंबड्या, मागे हापशी, हापशीवर बायका. रेडिओ लावून पडलं की थोडं बरं वाटे. तेवढ्यात पुष्पलता आतून म्हणायची, "अहो, कमी करा ना तो. मले गिऱ्हाइकाचं माप ऐकू नाही येऊन राह्यलं."

ट्रान्झिस्टरसोबत कानात घालायची एक गुंडी आली होती. कडक प्लास्टिकची, पुढे कानात शिरणारं बोंड, मागे बारीक वायर. तेजरामने ती घातली आणि त्याला स्वर्ग सापडला. फक्त कूस बदलली की गुंडी निसटायची. एकदा ती पाठीखाली गेली आणि तो नागपूर आकाशवाणीचं शेतीचं भाषण पाठीने ऐकत झोपला, असं पुष्पलता साऱ्या ओळीला सांगत होती.

तेजराम मग बाजारातल्या पुनारामकडे गेला. पुनारामच्या दुकानावर 'रेडिओ इंजिनिअर' अशी पाटी होती. पाटी त्यानेच रंगवली होती आणि पदवीही त्यानेच दिली होती. पण त्याचा हात चांगला होता, मेलेला रेडिओ तो बोलता करी.

"गुंडी पडून राह्यली म्हणता?" पुनाराम म्हणाला. "मंग तिले बांधून टाकू ना."

"कशानं?"

"डोक्याले पट्टा. दोन्ही बाजूले एकेक गुंडी, आतून शिवलेली. कूस बदला, नाही तं कोलांटी मारा. गुंडी हालली तं पाटी उतरवून देतो मी."

पट्टा पुष्पलतेनेच शिवला. जाड जीनचं कापड, आत कापूस, मागे बक्कल. दोन्ही कानांच्या जागी भोकं ठेवून पुनारामने गुंड्या बसवल्या. बोंड नेमकं कानात जाईल आणि तिथेच राहील, अशा. तेजरामने बक्कल ओढून घट्ट लावलं, आडवा झाला, आणि मशीन, कोंबड्या, हापशी सगळं नाहीसं झालं. तो सहा तास झोपला.

उठल्यावर तो पट्टा डोक्यावरच ठेवून बाहेर आला. लोकांनी विचारावं म्हणून. लोकांनी विचारलं.

पुनारामने पट्ट्याला नाव दिलं, सुखनिद्रा पट्टा. महिन्याभरात सतरा पट्टे खपले. हेडक्लार्क, स्टोअरकीपर, वजनकाट्याचा बाबू, हवालदार, दोन फोरमन. तेजरामने युनियनच्या सभेत भाषणच केलं. कष्टकऱ्याला झोपेचा हक्क आहे, तो कोणी दिला नाही म्हणून आपण तो घेतला आहे, वगैरे. सभेत पुढच्या रांगेत डोमाजी बसला होता. डोमाजी खाली खाणीत ड्रिल मशीन चालवायचा, पंधरा वर्षं. त्याला भाषण ऐकू आलं नाही. डोमाजीला हल्ली बरंच काही ऐकू येत नसे. पण बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून त्यानेही वाजवल्या. त्याच्याकडे ट्रान्झिस्टर नव्हता.

श्रावण लागला तेव्हा हवा अशी दमट होती की भिंतीवर वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस ओलाच राही. तेजरामच्या उजव्या कानात आधी खाज आली. मग कान भरल्यासारखा झाला, आत कोणी बोळा कोंबावा तसा. रेडिओ बारीक ऐकू येऊ लागला, म्हणून त्याने आवाज वाढवला. मग कानाची पाळी दुखू लागली, मग चावताना दुखू लागलं. पुष्पलतेने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. दुसऱ्या दिवशी तेजरामला मान वळवता येईना.

"पट्टा नका लावू म्हणते मी चार दिवस," पुष्पलता म्हणाली.

"पट्ट्यानं काय होते? पट्टा तं बाहेरून हाये. दुखणं आतून हाये."

त्याने पट्टा लावणं सोडलं नाही. उलट कान दुखतो म्हणून झोप लागत नाही, आणि झोप लागत नाही म्हणून पट्टा हवा, असं त्याचं चाललं होतं.

आणि मग हेडक्लार्कचा कान दुखू लागला. मग स्टोअरकीपरचा. मग एका फोरमनचा. तेजरामच्या डोक्यात एकदम उजेड पडला. एका माणसाचा कान दुखला तर ते दुखणं असतं. चार माणसांचे दुखले तर तो प्रश्न असतो. आणि प्रश्न हे तर सेक्रेटरीचं काम.

त्याच वर्षी वैशाखात खाणीत नवा कॉम्प्रेसर आला होता. तो वर शेडमध्ये धडधडायचा आणि खालच्या ड्रिल मशीनना हवा द्यायचा. तेजरामने निवेदन लिहिलं, कॉम्प्रेसरच्या आवाजामुळे कर्मचाऱ्यांमध्ये कानाच्या रोगाची साथ पसरली असून व्यवस्थापनाने तातडीने उपाय करावा, नाहीतर युनियनला पुढचं पाऊल उचलावं लागेल. 'साथ' हा शब्द त्याने दोनदा अधोरेखित केला.

मॅनेजरसाहेबांनी उत्तर पाठवलं, कर्मचारी तळ्यात आंघोळ करतात व कान साफ ठेवत नाहीत, त्यामुळे रोग झाला असावा. तरी तीन जणांची समिती नेमण्यात येत आहे. हेडक्लार्कला हे पत्र टाइप करावं लागलं. तो आयुष्यात तळ्याजवळ गेला नव्हता, पण त्याने ते बिनचूक टाइप केलं, डावा हात दुखऱ्या कानावर ठेवून, एका हाताने.

खाणीचा एक दवाखाना होता. मंगळवारी आणि शुक्रवारी बालाघाटहून डॉक्टर यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे सिस्टर जिजाबाई रामटेके. जिजाबाई नागपूरला शिकलेली. उंच, बोलायला तिखट. तिच्यापुढे फोरमनही चप्पल बाहेर काढून येत.

तिने रजिस्टर उघडलं आणि कानदुखीवाल्यांची नावं एकाखाली एक बघितली. तेरा माणसं. एकही ड्रिलवाला नाही. एकही जण रोज खाली खाणीत जाणारा नाही, दोन फोरमन सोडले तर. कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये काम करणारा खेमराज रोज आठ तास त्या धडधडाटात उभा राहायचा. त्याचं नावच नव्हतं.

तिने खेमराजला बोलावलं. त्याच्या कानाची पाळी धरून मागे ओढली. "दुखते?"

"नाही बाई."

"कानाच्या पुढच्या या टोकाले दाबलं तं?"

"नाही."

"कान कधी वाजते का तुया?"

"हौ. सुट्टी झाल्यावर सूं सूं करते. सकाळपर्यंत जाते."

तिने त्याला शेडमधून मध्येमध्ये बाहेर येत जा म्हणून सांगितलं आणि हेडक्लार्कला आत घेतलं. त्याच्या कानाचं पुढचं टोक नुसतं बोटाने दाबलं तर तो खुर्चीवरून उठला. कानाच्या आतली वाट सुजून लाल झाली होती. आणि बाहेर, कानाच्या वाटीत, लाल गोल वळ. शर्टाच्या गुंडीएवढा, काठ अगदी स्पष्ट.

"हा कशाचा छाप?" जिजाबाईने विचारलं.

"छाप?" हेडक्लार्क म्हणाला. "डास चावला असंल."

"गोल गोल चावते का तुमच्या घरचा डास?"

पुढचे चौघंही डासच म्हणाले. वजनकाट्याच्या बाबूने मात्र मुंगी सांगितली. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, पण निवेदनावर सह्या झाल्या होत्या. आपल्याला कॉम्प्रेसरचा रोग झाला आहे असं लिहून दिल्यावर उशीवरच्या रेडिओबद्दल कोण बोलणार? जिजाबाईने कोणता कान ते लिहून घेतलं आणि शेवटी सहज विचारलं, "झोपता कोणत्या कुशीवर?" नऊ जण उजव्या कुशीवर झोपत होते, त्यांचा उजवा कान दुखत होता. चौघं डाव्या, त्यांचा डावा.

"कॉम्प्रेसर मोठा हुशार हाये," ती स्वतःशीच म्हणाली.

शुक्रवारी डॉक्टर आले. त्यांनी दिव्याच्या नळीने कान बघितले आणि कानाच्या वाटेची सूज आहे, पडदे शाबूत आहेत, असं सांगितलं. काळ्या औषधात भिजवलेली कापडाची वात कानात ठेवायची, रोज बदलायची. तेल नाही, काडी नाही, पाणी नाही. "कशामुळे होतंय हे मात्र शोधा," ते जाताना म्हणाले.

तेजराम दवाखान्यात आला नव्हता. पुढारी रांगेत बसत नाही. शनिवारी दुपारी पुष्पलता स्वतः आली. "सिस्टरबाई, घरी या जरा. यांचा कान असा फुगला का पाहवत नाही. आन् जाग येऊन नाही राह्यली. आवाज दिला, दार वाजवलं. गॅसबत्त्या दुरुस्त करणारा दारात ओरडून ओरडून गेला."

"बेशुद्ध हायेत का?"

"नाही, घोरून राह्यले."

जिजाबाई गेली. मशीनच्या पलीकडे, आतल्या खोलीत तेजराम उजव्या कुशीवर पडला होता. डोक्याला जीनचा पट्टा, मागे बक्कल शेवटच्या भोकावर. उशी कापसाची, दगडासारखी. सगळ्या डोक्याचा भार एका गुंडीवर आला होता. वायर गळ्याभोवती एक वेढा घेऊन खाली ट्रान्झिस्टरला गेली होती. आणि पट्ट्यातून गाणं बाहेर ऐकू येत होतं, दारापर्यंत.

जिजाबाईने आधी वायरचा वेढा सोडवला. मग रेडिओ बंद केला. मग बक्कल काढून पट्टा हळूच वर उचलला. उजव्या बाजूचं बोंड कानात रुतून बसलं होतं. ते सुटलं तेव्हा तेजराम असा ओरडला की हापशीवरच्या बायका थांबल्या.

बोंडाला पिवळं, ओलं चिकटलं होतं. जिजाबाईने ते पुष्पलतेला दाखवलं. पुष्पलतेने तोंडावर पदर घेतला.

"हा तुमचा कॉम्प्रेसर," जिजाबाई म्हणाली.

तेजराम उठून बसला. "मशीनच्या आवाजानं..."

"तेजरामभाऊ, मशीन तुमी कधी पाह्यली तरी का? तुमी वर फाटकापाशी बसता." तिने त्याचा कान दिव्याकडे वळवला. "ऐका आता. कानाची वाट बारीक असते, तिचं कातडं कागदासारखं. त्यात तुमी हे कडक बोंड कोंबता, वरून डोक्याचा भार देता सहा तास. कातडं सोलून निघते. आत घाम, बाहेर पडाले वाट नाही. तो कुजते. मळ निघून यायचा तं बोंड त्याले अजून आत ढकलते. मंग कान भरते, ऐकू कमी येते. कमी आलं का तुमी आवाज वाढवता. आन् सूज राह्यली बाजूले, तो आवाजच कान खाते. त्यावर गरम तेल."

"तेल हिनं टाकलं," तेजराम म्हणाला.

"मीच टाकलं," पुष्पलता म्हणाली. "पट्टाही मीच शिवला. झोपत मात्र मी नाही त्यात."

जिजाबाईने वात भरली. तेजरामने दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरून ठेवली. वात भरून झाल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सिस्टर, ही गोठ समितीपुढे येईल का?"

"येईल ना. मलेच तिसरी मेंबर केलं हाये."

"मंग रेडिओ ऐकूच नये का मी? झोप नाही लागत हो मले. खरंच नाही लागत."

हे तो प्रामाणिकपणे म्हणाला. जिजाबाईने खोलीभर नजर फिरवली. उशाकडे भिंतीत एक फळी होती, तीवर डबे होते.

"कोण म्हणते ऐकू नका? कानात काही ठेवून झोपू नका, एवढंच. डबे काढा, रेडिओ त्या फळीवर ठेवा, हातभर दूर. आवाज असा ठेवा का वहिनीनं बाजूले उभं राहून हळू बोललं तं तुमाले समजंल. कान बरा होईपर्यंत उताणे झोपा, नाही तं डाव्या कुशीवर. अर्ध्या तासानं वहिनी येऊन बंद करंल. झोप लागली का मंग कोणासाठी वाजवायचा?"

"आन् मशीनचा आवाज?"

पुष्पलता म्हणाली, "मशीन मी दुपारून चालवते. सकाळी काजं-गुंड्या करत जाईन." मग म्हणाली, "हे आधी विचारलं असतं तं पट्टा शिवाचा कुटाणा वाचला असता."

समिती मंगळवारी बसली. मॅनेजरसाहेब, डॉक्टर आणि जिजाबाई. बाहेर तेजरामसकट चौदा कान आणि त्यांचे मालक उभे होते. तेजराम डोक्याला रुमाल बांधून पुढे होता. जिजाबाईने टेबलावर पट्टा ठेवला आणि हेडक्लार्कला म्हणाली, "कान इकडे करा." गुंडी तिने त्याच्या कानाच्या वळावर धरली. ती तिथे इतकी चपखल बसली की साहेब उठून बघायला आले. मग स्टोअरकीपर. मग हवालदार. हवालदाराने मात्र आधीच सांगून टाकलं, "साहेब, माझा छापही गुंडीचाच आहे."

साहेब हसले. इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी लिहायला घेतलं, कर्मचाऱ्यांच्या कानाच्या तक्रारी कामाशी संबंधित नाहीत, त्या खासगी सवयींमुळे आहेत, सबब निवेदन फेटाळण्यात येते.

"साहेब," जिजाबाई म्हणाली, "या चौदा जणांच्या म्हणा. सगळ्यांच्या नका म्हणू."

"का? आणखी कोण?"

तिने दार उघडून डोमाजीला आत घेतलं. डोमाजी पाळी संपवून तसाच आला होता, अंगावर काळी धूळ. साहेबांनी त्याला नाव विचारलं. डोमाजीने नमस्कार केला. साहेबांनी पुन्हा विचारलं. डोमाजीने पुन्हा नमस्कार केला.

"याचा कान दुखत नाही," जिजाबाई म्हणाली. "दुखला असता तं कोणी लक्ष दिलं असतं. पंधरा वर्षं ड्रिलपाशी हाये. कानात गुंडी नाही, उशाशी रेडिओ नाही. खालचे सहा ड्रिलवाले मी आणखी तपासले. चौघांना घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. निवेदनावर यांच्यापैकी एकाचीही सही नाही. कोणी विचारलंच नाही."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टर म्हणाले, "यांना नागपूरला तपासायला पाठवा." साहेब म्हणाले, "हा वेगळा विषय आहे. आजच्या विषयपत्रिकेत नाही."

सगळे तेजरामकडे बघू लागले. सेक्रेटरी होता तो. शब्द अधोरेखित करणारा. तेजराम म्हणाला, "मला वाटते, आधी माहिती गोळा केली पाहिजे." आणि रुमाल सारखा केला.

संध्याकाळी पुष्पलतेने त्याला जेवण वाढलं नाही. खोलीत हे सगळं घडलं तेव्हा ती बाहेर बायकांत उभी होती आणि दार उघडंच होतं.

"तुमच्या कानासाठी कागद दोन पानांचा लिहिला," ती म्हणाली. "डोमाजीभाऊसाठी अर्ध्या पानाचा लिहा. मंग वाढते."

तेजरामने अर्धं पान लिहिलं. भूक लागली होती म्हणून छोटं झालं, आणि छोटं झालं म्हणून चांगलं झालं. त्यात एकही शब्द अधोरेखित नव्हता. सात ड्रिलवाल्यांनी त्यावर सह्या आणि अंगठे दिले. डॉक्टरांनी खाली शेरा लिहिला.

साहेबांनी दीड महिना लावला. दिवाळीनंतर डोमाजीला नागपूरला पाठवायचं ठरलं, सोबत माणूस हवा म्हणून तेजराम गेला. बालाघाटहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांनी डोमाजीला एका खोलीत बसवून बारीकमोठे आवाज ऐकवले. बारीक आवाज त्याला ऐकूच आले नाहीत. दोन्ही कानांनी. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण आवाजापासून दूर केलं तर राहिलेलं राहील.

हे सगळं ऐकून झाल्यावर तेजरामने डॉक्टरांना विचारलं, "साहेब, माझा पण एक कान बघता का? पावसाळ्यात जरा दुखला होता."

डॉक्टरांनी बघितला. स्वच्छ होता, पूर्ण बरा.

डोमाजीला वर, खाणीत उतरणाऱ्यांना दिवे देण्याच्या खोलीत काम मिळालं. तिथे तो मजुरांच्या तोंडाकडे बघून दिव्याचा नंबर ओळखायला शिकला. ड्रिलवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागला. इतर सहा जणांचं साहेबांनी 'पाहू' म्हणून लिहिलं. जिजाबाई दर महिन्याला त्या 'पाहू'ची आठवण करून देणारा कागद पाठवायची, आणि आता त्यावर पहिली सही तेजरामची असे. दुसऱ्या महिन्यापासून त्याला त्यासाठी उपाशी ठेवावं लागलं नाही.

पुनारामने पट्टे परत घेतले, कुरकुरत. मग त्याने एक छोटा स्पीकर पत्र्याच्या साबणदाणीत बसवला, झाकणाला भोकं पाडली आणि सांगू लागला, पातळ उशीच्या खाली ठेवा, कानाला काही लागत नाही, शेजाऱ्यालाही त्रास नाही. जिजाबाईने तो उशीखाली ठेवून स्वतः डोकं टेकवून बघितला. सेलवर चालत होता, गरम होत नव्हता, टोचत नव्हता, आवाज बारीक ठेवला तर तेवढ्यापुरता छान येत होता. "हा चालंल," ती म्हणाली. "वायर उशीच्या खालून खाटेच्या बाजूले काढाची. गळ्याकडून नाही. आन् झोप आली का बंद."

पुनारामने दुसऱ्या दिवशी दुकानावर एक नवी ओळ रंगवली, 'सिस्टरने पास केलेला.' जिजाबाई ब्रश घेऊन आली आणि तिने ती स्वतःच्या हाताने पुसली. तरी स्पीकर खपले. पहिला हेडक्लार्कने घेतला.